पवनचक्कीचा श्लेष अरबीत: ‘मेटल फॅन’ सोडा, ‘हवा’ पकडा

प्रश्न: एक इंग्रजी पॅनेल आहे. माळावर दोन पवनचक्क्या उभ्या आहेत. डावी विचारते, ‘तुला कसलं संगीत आवडतं?’ उजवी म्हणते, ‘आय ॲम अ ह्यूज मेटल फॅन.’ हे इजिप्तमधल्या वाचकांसाठी अरबीत करायचं आहे. मी शब्दशः केलं, तर तिथला तपासणारा म्हणाला, ‘यात विनोद कुठे आहे?’ चित्र नव्याने काढता येणार नाही, मजकूर मात्र हवा तसा बदलता येईल. काय करू?

उत्तर:

तुमच्या तपासणाऱ्याचं बरोबर आहे. शब्दशः करायला दोनच वाटा आहेत आणि दोन्ही बंद आहेत. फॅन म्हणजे चाहता असं धरलं तर ‘अना मिन उश्शाक अल-मीताल’ होतं, म्हणजे ‘मी मेटलच्या प्रेमिकांपैकी आहे’. ही नुसती माहिती झाली, ती पवनचक्कीने सांगितली काय नि गाढवाने सांगितली काय. फॅन म्हणजे पंखा धरला तर ‘अना मर्वहा मअदनिय्या दख्मा’, म्हणजे ‘मी धातूचा प्रचंड पंखा आहे’. तो तर समोर दिसतोच आहे, आणि संगीताच्या प्रश्नाचं हे उत्तरही नाही. अरबीत पंख्याला मर्वहा म्हणतात, खेळातल्या संघाच्या पाठीराख्याला मुशज्जिअ आणि कलावंताच्या चाहत्याला मुअजब. तिन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत, त्यामुळे ते कुठेच एकमेकांना भेटत नाहीत.

‘मेटल’ वाचवायच्या मागेही लागू नका. संगीतप्रकार म्हणून अरबीत ‘मीताल’ असंच म्हणतात आणि त्या शब्दाला धातूचा वास येत नाही. ‘हेवी मेटल’चं भाषांतर करू गेलात तर ‘मआदिन सकीला’ होतं, आणि ते पाणी-प्रदूषणाच्या अहवालातले शिसं नि पारा. शिवाय इजिप्तमध्ये या संगीताला एक जुना डाग आहे. जानेवारी 1997 मध्ये तिथल्या पोलिसांनी मेटल ऐकणाऱ्या अनेक तरुणांना सैतानपूजेच्या आरोपाखाली पकडलं होतं आणि वर्तमानपत्रांनी ते प्रकरण चांगलंच गाजवलं होतं. तेव्हापासून ‘अबदत अश-शैतान’, म्हणजे सैतानाचे पूजक, हे शब्द मेटलला चिकटलेले आहेत. साध्या पवनचक्कीच्या गमतीत ही सावली कशाला आणायची?

आता मूळ विनोद कसा उभा आहे ते पाहू. अरबी अलंकारशास्त्रात याला ‘तौरिया’ म्हणतात. आपल्या श्लेषासारखीच ही कल्पना, पण एक काटेकोर भेद त्यात आहे: शब्दाला एक जवळचा अर्थ असतो, जो आधी मनात येतो, आणि एक दूरचा, जो कवीला खरा अभिप्रेत असतो. तुमच्या पॅनेलमध्ये संगीताचा प्रश्न आधी आल्यामुळे ‘चाहता’ हा जवळचा अर्थ होतो, आणि चित्रातली पाती ‘पंखा’ हा दूरचा अर्थ पुरवतात. प्रश्न एकीकडे ओढतो, चित्र दुसरीकडे, आणि मध्ये एकच शब्द. ह्यूज, मेटल आणि फॅन असे तीन शब्द दुहेरी आहेत ही मूळ लेखकाची चैन. तुम्हाला एक पुरे.

म्हणजे शोधायचं काय ते ठरलं. चित्रात जे आहे ते बदलणार नाही: पवनचक्की, पाती, वारा, माळ, उंची, गरगर फिरणं. त्या प्रत्येकासाठी इजिप्शियन लोक रोज वापरतात ते शब्द एका कागदावर लिहा. दुसऱ्या कागदावर संगीत, गायक, ऐकणं, आवड, प्रेम यांच्याभोवतीचे शब्द. मग दोन्ही कागदांवर येणारा शब्द शोधा. वीस-पंचवीस शब्दांच्या आत काही सापडलं नाही तर बहुतेक वेळा प्रश्नच बदलावा लागतो. संगीताऐवजी पगार, लग्न, तब्येत असा विषय घेऊन दुसरा कागद नव्याने भरायचा. चित्र फक्त पवनचक्क्या मागतं, संगीत मागत नाही.

इथे मात्र तेवढं करावं लागत नाही, कारण पहिल्याच कागदावर ‘हवा’ आहे.

प्रमाण अरबीत, म्हणजे फुसहात, हे दोन वेगळे शब्द आहेत. हवा म्हणजे वायू, त्याच्या शेवटी हम्झा असतो, घशात क्षणभर अडणारा आवाज. दुसरा हवा म्हणजे प्रेम, ओढ. त्याच्या शेवटी हम्झा नसतो. लिहिताना पहिला अलिफ आणि हम्झा घेऊन संपतो, तर दुसरा अलिफ मक्सूरा घेऊन, म्हणजे ठिपके नसलेल्या ‘या’सारख्या दिसणाऱ्या अक्षराने. बोलीत शेवटचा हम्झा गळतो आणि दोन्ही शब्दांचा उच्चार एकच होतो. कैरोत ‘हवा’ म्हटलं की वाराही आला आणि प्रेमही. मराठीतला ‘हवा’ याच वायूवाल्या शब्दापासून फारसीमार्गे आलेला आहे, पण त्याचा प्रेमवाला जोडीदार आपल्याकडे आला नाही. त्यामुळे मराठी अनुवादकाच्या कानाला हा श्लेष आपोआप ऐकू येत नाही. (मराठीत हेच पॅनेल करायचं असतं तर ‘मला हवा हवी’ म्हणता आलं असतं. ते अरबीत नेता येत नाही, कारण आपला ‘हवी’ वेगळ्याच घरातला आहे.)

आता ‘हवा’ संगीतात कुठे सापडतो? अरबी गाण्यात तो पावलोपावली आहे, पण तुम्हाला असं गाणं पाहिजे की ज्याचं नाव घेताच इजिप्तमधला माणूस पुढचा शब्द मनातल्या मनात म्हणेल. इजिप्तची थोर गायिका उम्म कुल्सूम हिचं 1960 चं गाणं आहे, ‘हुवा सहीह अल-हवा ग़ल्लाब’. शब्द बैरम अत-तूनिसीचे, चाल झकरिया अहमदची. अर्थ असा: ‘प्रेम माणसाला नमवतं, हे खरं का?’ ग़ल्लाब म्हणजे जिंकणारा, समोरच्यावर मात करणारा. हीच ओळ पवनचक्कीच्या तोंडी द्या. प्रेमाच्या जागी वारा आला आणि वाक्य अक्षरशः खरं झालं. वारा तिच्यावर मात करतोय म्हणून तर ती फिरतेय.

म्हणून फुग्यांतला मजकूर असा:

पहिली: ‘बितिस्मई एह?’ (काय ऐकतेस?)
दुसरी: ‘उम्म कुल्सूम… अल-हवा ग़ल्लाब!’

मूळ ओळीतलं ‘हुवा सहीह’ मुद्दाम सोडलं आहे. ते ठेवलं तर उत्तर प्रश्नार्थक होतं, फुगा लांबतो आणि ओळ कळायला तेवढ्याची गरजही नाही. टिंबं मात्र ठेवा. गायिकेचं नाव आणि ओळ यांच्यामध्ये वाचकाला अर्धा श्वास मिळाला पाहिजे, कारण तेवढ्या वेळात त्याचं मन ‘प्रेम’ या जवळच्या अर्थाकडे जातं आणि मग नजर पात्यांवर जाते.

‘बितिस्मई’ हे स्त्रीलिंगी रूप आहे. इंग्रजी ‘यू’ला लिंग नसतं, अरबीत मात्र क्रियापदातच ते ठरवावं लागतं. इजिप्तमध्ये टर्बाइनला ‘तुर्बीना’ म्हणतात आणि पंख्याला मर्वहा. दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून दोघीजणी बोलताहेत असं धरणं सहज जातं. कुणी पुल्लिंगी ‘बितिस्मअ’ लिहिलं तर चूक नाही, पण मग दोन्ही फुग्यांत तेच धरून राहावं लागेल. आपल्या उत्तरात क्रियापदच नसल्याने ही अडचण तिथे येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘हवा’च्या स्पेलिंगमध्ये, आणि तोही तुमचं काम हातातून गेल्यावर. गाण्याचं नाव छापील यादीत अलिफ मक्सूराने लिहितात, म्हणजे प्रेमवालं. तसंच लिहिलंत तर वाचकाला गाणं आठवेल, पण वारा दिसणार नाही. विनोद पूर्णपणे चित्राच्या भरवशावर राहील. हम्झा लावून वायूवालं लिहिलंत तर उलट होईल, ओळ हवामानखात्याच्या बातमीसारखी दिसेल आणि गाणं आठवणार नाही. तिसरं रूप वापरायचं: हे, वाव, अलिफ, एवढीच तीन अक्षरं, हम्झाशिवाय. बोलीत लिहिताना लोक वाऱ्यासाठी असंच लिहितात, आणि गाण्याच्या ओळीत ते पाहिलं की डोळा अडखळतो: ‘हे असं का लिहिलंय?’ ते अडखळणं म्हणजेच विनोद कळणं. पण फुसहात मुरलेला मुद्रितशोधक हे पाहताच ‘चूक’ म्हणून दुरुस्त करतो, आणि संगणकाचा शब्दतपासनीस तर न विचारता हम्झा लावून मोकळा होतो. म्हणून फाइलसोबत एक ओळ लिहून द्या: ‘या शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम असं आहे, बदलू नये.’ शक्य असेल तर अंतिम चित्र पाठवताना मजकूर चित्रातच पक्का करून पाठवा.

स्वरचिन्हांचा मोहही टाळा. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. सगळी चिन्हं लावलेला फुगा पहिलीच्या पुस्तकासारखा दिसतो. ग़ल्लाबवर द्वित्व दाखवणारा शद्दा ठेवायला हरकत नाही, तेवढं पुरे. स्वर न लिहिण्याची ही सवय एरवी अनुवादकाला फार उपयोगी पडते. ऐन, लाम, मीम ही तीन अक्षरं ‘अलम’ म्हणजे झेंडा अशी वाचता येतात, ‘इल्म’ म्हणजे ज्ञान अशीही. असा श्लेष कागदावर चालतो, तोंडाने वाचला की मरतो. ‘हवा’चं उलट आहे: बोलण्यात दोन्ही अर्थ एक, लिहिण्यात वेगळे. तुमचं पॅनेल स्थिर चित्र राहणार की कुणी त्याला आवाज देणार हे आधी विचारून घ्या. आवाज देणार असतील तर आपला पर्याय उलट जास्तच चांगला आहे, कारण ती ओळ चालीवर गुणगुणता येते.

हे सगळं इजिप्तसाठी. वाचक लेबनॉन, सीरिया, जॉर्डनकडचे असते तर लेबनॉनच्या गायिका फैरूझचं ‘नस्सम अलैना अल-हवा’ घेणं शहाणपणाचं होतं. ‘आमच्यावर वाऱ्याची झुळूक आली’ असा त्याचा अर्थ, आणि त्या गाण्यात वाऱ्याला प्रेमाचीच शपथ घातलेली आहे, म्हणजे श्लेष आधीपासून आत बसलेला. बांधणीने ते आपल्या पर्यायापेक्षा सरसही आहे, कारण ‘हवा’ ओळीच्या शेवटी येतो. आपल्याकडे शेवट ग़ल्लाबने होतो. तरीही कैरोसाठी उम्म कुल्सूमच घ्या असं सांगेन. पवनचक्कीला ग़ल्लाब शोभतो, आणि घरच्या बाईचं नाव ऐकून जे हसू येतं ते शेजारणीच्या नावाने येत नाही.

आणि समजा ग्राहकाने सांगितलं, ‘सगळ्या अरब देशांना चालेल असं फुसहात द्या’, तर गाणं सोडा. तिथे ‘हवाई’ हा शब्द कामाला येतो: हवेचा, हवेवर चालणारा, आणि लहरी, क्षणाक्षणाला बदलणारा. प्रश्न ‘संगीतात तुझी आवड कोणती?’ आणि उत्तर ‘ज़ौकी हवाई’, म्हणजे ‘माझी आवड हवेची’ किंवा ‘माझी आवड लहरी’. हसू निम्म्याने कमी होतं, पण स्पेलिंगचा प्रश्न उरत नाही आणि मोरोक्कोपासून ओमानपर्यंत कळतं. फुसहा निवडल्याची किंमत म्हणून एवढं मान्य करावं लागतं. इजिप्तमध्ये गंमत बोलीत करण्याची सवय जुनी आहे. चित्रावरच्या अशा मीमना तिथे ‘कोमिक्स’ म्हणतात, सिनेमातल्या ठसकेबाज वाक्याला ‘इफ्फे’ आणि असल्या शब्दखेळाला ‘अल्श’. अल्श फुसहात केला की वक्ता सूट घालून विटीदांडू खेळतोय असं वाटतं.

आता चित्राकडे. इंग्रजीत डावी आधी बोलते. अरब वाचकाची नजर उजवीकडून येते, त्यामुळे त्याला आधी उत्तर दिसेल, मग प्रश्न, आणि विनोद उलटा वाचला जाईल. उपाय दोन. एक, संपूर्ण चित्र आरशासारखं उलटवा आणि मग फुगे भरा. दुसरा, चित्र तसंच ठेवून प्रश्न उजव्या पवनचक्कीला आणि उत्तर डावीला द्या. या पॅनेलला दुसरा उपाय सोपा आहे. दोन्ही पवनचक्क्या सारख्याच दिसतात आणि कोण बोलतंय याने फरक पडत नाही. फक्त फुगे वरखाली असतील तर वरचा फुगा उजवीकडे आहे ना ते पाहा. उलटवलंत तर पाती घड्याळाच्या विरुद्ध फिरताना दिसतील. बहुतेक पवनचक्क्या वाऱ्याच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात; सामान्य वाचकाला कळणार नाही, पण मजकूर वीजकंपनीसाठी असेल तर अभियंत्याचा मेल आलाच म्हणून समजा. माणसं असलेल्या पॅनेलमध्ये उलटवणं जास्त धोक्याचं असतं: उजव्या हाताने जेवणारा डाव्या हाताने जेवू लागतो आणि ते अरब वाचकाला लगेच खटकतं, शर्टावरची अक्षरं आणि घड्याळाचे काटे उलटे होतात.

अक्षरं भरताना पहिली तपासणी म्हणजे अक्षरं जुळतात का. अरबी अक्षरं शेजारच्याला जोडून आकार बदलतात. चुकीच्या सेटिंगमध्ये ती सुटी सुटी आणि उलट क्रमाने पडतात, आणि अरबी न येणाऱ्या मांडणीकाराला ते कळत नाही. तपासायला ‘हवा’ हा शब्द घेऊ नका, त्यात फक्त हे आणि वाव जुळतात. ‘मुशज्जिअ’ लिहून पाहा. त्यातली चारही अक्षरं एका रेषेत जोडली गेली पाहिजेत. तुटली तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत परिच्छेद पॅनेलमधल्या मेन्यूत World-Ready Layout निवडा आणि मजकूर पुन्हा चिकटवा. अक्षरं जुळली पण उद्गारचिन्ह वाक्याच्या उजव्या टोकाला, म्हणजे सुरुवातीला, जाऊन बसलं, तर परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे राहिलेली आहे. ती बदलली की चिन्ह आपल्या जागी येतं. प्रश्नचिन्हही अरबी असावं, म्हणजे आपल्याकडच्याच्या आरशातलं.

इंग्रजी कॉमिकची मोठी अक्षरं आणि तिरका ठसा अरबीत नाही. जोर द्यायचा असेल तर जाड अक्षर वापरा किंवा कशीदा, म्हणजे दोन अक्षरांमधली रेघ लांबवणं. पण कशीदा फक्त जोडलेल्या अक्षरांमध्ये ताणता येतो, आणि वाव पुढच्या अक्षराला जोडत नाही. त्यामुळे ‘हवा’चा सूर लांबवायचा तर अलिफच दोन-तीनदा लिहितात, जसं लोक फोनवर लिहितात. इथे ते करू नका, स्पेलिंगचा खेळ त्यात बुडतो. लांबवायचंच असेल तर ग़ल्लाबमधला अलिफ लांबवा. अक्षराचा आकार इंग्रजीपेक्षा साधारण एक-पंचमांश मोठा ठेवा. अरबी अक्षरांची शरीरं बुटकी असतात आणि ठिपके लहान आकारात एकमेकांत मिसळतात.

मग चाचणी. इजिप्तमधल्या तीन माणसांना मूळ इंग्रजी न दाखवता पॅनेल दाखवा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, लोक सौजन्याने हो म्हणतात. ‘ती काय म्हणाली?’ एवढंच विचारा. उत्तरात गाणं आणि वारा दोन्ही आले तर काम झालं. फक्त गाणं आलं तर बहुधा स्पेलिंग परत अलिफ मक्सूराचं झालेलं असतं, तिथे आधी पाहा. फक्त वारा आला तर गायिकेचं नाव फुग्यात नीट वाचता येत नाही किंवा टिंबं गळली आहेत. आणि कुणी ‘ओळ चुकीची लिहिली आहे’ म्हणालं तर त्याला लगेच समजावू नका, दोन सेकंद थांबा; बऱ्याचदा त्याच दोन सेकंदांत तो हसतो.

शेवटी ग्राहकाला पाठवायचं टिपण. तो इंग्रजीशी ताडून पाहणार आणि ‘यात मेटल कुठे गेलं?’ असं विचारणार हे धरूनच चला. चार रकान्यांचा तक्ता द्या: मूळ ओळ, विनोद कशावर उभा आहे (‘फॅन’: चाहता आणि पंखा), अरबी ओळ, तिचा उलट अनुवाद आणि ती कशावर उभी आहे (‘हवा’: प्रेम आणि वारा). तळटीप मात्र फक्त या तक्त्यात, पॅनेलखाली कधीच नाही. आणि मूळ चित्रकाराचं नाव कोपऱ्यात असेल तर ते झाकलं जात नाही ना, चित्र उलटवलं असल्यास ते उलटं वाचलं जात नाही ना, हेही पाठवण्यापूर्वी पाहून घ्या.